गोदाम चालू, मोजणीही चालू

मार्चचा शेवटचा आठवडा गोदामात फार धावपळीचा असतो. विक्री विभागाला वर्षाचं उद्दिष्ट गाठायचं असतं, त्यामुळे माल धडाधड बाहेर पडत असतो. नेमकं तेव्हाच हिशेब विभागाकडून निरोप येतो, की ३१ तारखेला गोदाम बंद ठेवून सगळा माल मोजा. ज्यांना दोन-तीन दिवस शटर ओढून घेता येतं, ते ओढतात. पण ट्रक आणि बसचे सुटे भाग पुरवणाऱ्या गोदामाला ते परवडत नाही. कसारा घाटात ट्रकची क्लच प्लेट गेली, तर मालकाचं त्या दिवसाचं भाडं बुडत असतं. ‘आमची मोजणी चालू आहे, परवा या’ हे तो ऐकून घेत नाही. तो दुसऱ्या विक्रेत्याकडे जातो आणि पुढच्या वेळीही बहुधा तिकडेच जातो.

बंद ठेवून केलेली मोजणी तरी विश्वासाची असते का, हाही प्रश्न आहे. त्या दोन दिवसांसाठी ऑफिसातली, विक्रीतली आणि बाहेरून आणलेली माणसं कामाला लावलेली असतात. त्यातल्या निम्म्यांना डावा आरसा आणि उजवा आरसा यांतला फरक कळत नाही. दुपारनंतर डोळे थकतात आणि खोकी न उघडताच वरचा आकडा वाचून लिहिला जातो. त्याहून मोठी अडचण अशी, की ३१ मार्चला सापडलेली तूट एप्रिलपासून कधीही पडलेली असू शकते. वर्षभराचे शेकडो व्यवहार उकरून तिचा उगम शोधायला कुणालाही वेळ नसतो. मग संगणकातला आकडा दुरुस्त होतो, तूट नफ्या-तोट्यात जाते आणि ज्या चुकीमुळे ती पडली ती चूक १ एप्रिलपासून पुन्हा सुरू राहते.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. निकोल डीहोरेशस आणि अनंत रामन या संशोधकांचा एका अमेरिकी किरकोळ विक्री साखळीवरचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तिच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. ही संगणकीकृत, शिस्तशीर साखळी होती.

यावर ‘सायकल काउंट’ हा उपाय आहे. वर्षातून एकदा सगळं मोजण्याऐवजी रोज थोडं मोजायचं, आणि ठरलेल्या क्रमाने वर्षभरात सगळ्या मालावरून फिरून यायचं. गोदाम चालूच राहतं. पण हा कार्यक्रम आखताना बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो, की रोज किती मोजायचं. माझ्या मते सुरुवात उलट्या टोकाकडून करायला हवी. रोज किती फरकांचा माग आपण शेवटपर्यंत काढू शकतो, हे आधी ठरवावं आणि मोजणीचा आकडा त्यावरून काढावा. माग न काढता केलेली मोजणी म्हणजे मार्चअखेरचाच प्रकार, फक्त रोज चालणारा.

हिशेब समजण्यासाठी एक नमुन्याचं गोदाम घेऊ. ते भिवंडीच्या पट्ट्यात आहे, व्यापारी वाहनांच्या सुट्या भागांचं आहे. एकूण ६,००० प्रकारचे भाग आणि रॅकवर ९,००० बिन, म्हणजे क्रमांक दिलेले कप्पे. सकाळी ८ ते रात्री १० दोन पाळ्या, वर्षाला साधारण ३०० कामाचे दिवस. मोजणीसाठी एक पूर्णवेळ माणूस देता येतो, त्यापेक्षा जास्त नाही.

सगळे भाग सारख्या वेळा मोजण्यात अर्थ नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली मालाची अ, ब, क अशी वर्गवारी मांडली, ती आजही सगळीकडे चालते. प्रत्येक भागाची वर्षाची खपत गुणिले किंमत काढायची आणि मोठ्याकडून लहानाकडे यादी लावायची. वरचे थोडेच भाग बहुतेक पैसा व्यापतात, ते ‘अ’. मधले ‘ब’. खालची लांबलचक रांग ‘क’. आपल्या गोदामात ‘अ’मध्ये ६०० भाग आहेत, ‘ब’मध्ये १,५०० आणि ‘क’मध्ये ३,९००.

इथे मी एक दुरुस्ती सुचवेन. ही वर्गवारी पैशाकडे बघते, पण चूक पैशाने होत नाही, हात लागल्याने होते. प्रत्येक आवक, प्रत्येक जावक, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवणं ही चुकीची एकेक संधी असते. एखादं महागडं टर्बोचार्जर महिन्यातून दोनदा हलतं आणि सहसा चुकत नाही. स्वस्तातलं ऑइल सील दिवसातून वीसदा हलतं आणि सारखं चुकतं. ते सील नाही म्हणून गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहते, तेव्हा त्याच्या किमतीचं कुणाला काही नसतं. म्हणून यादी पैशाने लावून झाली, की सगळ्यात जास्त वेळा हलणारे ‘क’मधले भाग हाताने उचलून ‘ब’मध्ये टाकावेत आणि तितकेच जवळपास न हलणारे ‘ब’मधले भाग खाली पाठवावेत.

आता वेळेचा हिशेब. ‘अ’ दर महिन्याला आणि ‘ब’ दर तीन महिन्यांनी मोजायचा, असं पुष्कळ ठिकाणी ठरवलं जातं. तसं केलं तर ‘अ’च्या ७,२०० आणि ‘ब’च्या ६,००० मिळून वर्षाला १३,२०० मोजण्या होतात, म्हणजे रोज ४४ भाग. एक भाग सरासरी दोन कप्प्यांत असतो. एक खालच्या रांगेत रोजच्या उचलीसाठी, एक वरच्या रांगेत साठ्यासाठी. म्हणजे ८८ कप्पे. त्याशिवाय वर्षातून एकदा प्रत्येक कप्प्यावर जाऊन यायचं, तर ९,००० भागिले ३०० असे रोज ३० कप्पे आणखी. एकूण ११८. चालणं, खोकी उतरवणं, मोजणं, लिहिणं धरून एका कप्प्याला ४ मिनिटं धरली, तरी पावणेआठ तास होतात. माणसाचा दिवस संपला आणि सापडलेल्या एकाही फरकाचा माग लागलेला नाही.

त्याऐवजी ‘अ’ वर्षातून ६ वेळा आणि ‘ब’ २ वेळा मोजला, तर रोज २२ भाग, म्हणजे ४४ कप्पे होतात. ३० कप्प्यांची फेरी धरून ७४, वेळ सुमारे पाच तास. तीन तास शिल्लक राहतात. एका फरकाचा माग काढायला अर्धा तास धरला, तर रोज पाच-सहा फरक शेवटपर्यंत नेता येतात. दुसरा आराखडा कागदावर दुबळा दिसतो, पण मी तोच निवडेन.

त्या ३० कप्प्यांच्या फेरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय कार्यक्रम अर्धवट राहतो. भागानुसार मोजणी करताना माणूस संगणकाने सांगितलेल्या कप्प्यांवरच जातो. तिथे माल कमी दिसला, की तो कमी लिहितो. पण भलत्याच कप्प्यात ठेवलेला माल त्याला कधीच दिसणार नाही, कारण त्या कप्प्याचं नाव त्या भागाच्या यादीतच नसतं. कप्प्यानुसार फेरीत मात्र रॅकच्या एका टोकापासून सुरुवात करून ओळीने प्रत्येक कप्पा बघायचा. संगणक रिकामा म्हणतो तोही बघायचा, आणि तिथे जे काही असेल ते लिहायचं. ‘हरवलेला’ माल बहुतेकदा याच फेरीत सापडतो. ‘क’ भाग वेगळे मोजायची गरजही उरत नाही. वर्षभरात ही फेरी त्यांच्यावरून जातेच.

आणखी एक फुकटची मोजणी आहे. कप्पा रिकामा होतो त्या क्षणी माल उचलणाऱ्याला हातातल्या स्कॅनरवर एकच प्रश्न विचारायचा, की कप्पा खरंच रिकामा आहे का. शून्य मोजायला दोन सेकंद लागतात आणि शून्य मोजताना सहसा कुणी चुकत नाही. संगणकाच्या मते तिथे अजून चार नग असतील, तर फरक त्याच क्षणी हाती लागतो.

आता बंद न होणाऱ्या गोदामातली खरी अडचण. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक कार्यक्रम इथेच बिघडतात. बंद गोदामात माल स्थिर असतो आणि आकडाही स्थिर असतो. चालू गोदामात दोन्ही हलत असतात आणि ते एका वेळी हलत नाहीत. माल आधी हलतो, नोंद मागून येते. कधी नोंद आधी होते आणि माल नंतर जागेवर पोचतो.

एक उदाहरण घेऊ. ऑइल फिल्टरच्या कप्प्यात संगणकानुसार २४० नग आहेत. सकाळी १०:४० ला एका ऑर्डरसाठी त्यातले २४ उचलले गेले. ट्रॉली पुढे आणखी आठ-दहा भाग गोळा करत फिरली, मग पॅकिंगच्या टेबलावर थांबली, आणि उचलीची नोंद १२:१५ ला झाली. मधल्या वेळेत, १०:५० ला, मोजणारा त्या कप्प्यावर आला. त्याने नीट मोजून २१६ लिहिले. संगणक २४० म्हणतोय. पर्यवेक्षकाने ११:३० ला ‘तूट २४’ म्हणून आकडा २१६ वर आणला. पाऊण तासाने उचलीची नोंद झाली आणि संगणकात १९२ राहिले. कप्प्यात अजूनही २१६ आहेत.

काय झालं बघा. मोजणीआधी संगणकही बरोबर होता आणि माणसानेही बरोबर मोजलं होतं. तरी मोजणीनंतर नोंद चुकीची झाली. दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा २४ नग जास्त सापडले आणि ‘वाढावा’ म्हणून जमा झाले. वर्षाच्या अहवालात २४ ची तूट आणि २४ चा वाढावा दिसतो, बेरीज शून्य. प्रत्यक्षात यातलं काहीच घडलं नव्हतं. मधले दोन महिने मात्र खरेदी विभाग १९२ हा आकडा धरून माल मागवत होता.

आवकेच्या बाजूलाही हेच होतं. माल उतरला, आवक नोंदवली गेली, संगणकाने तो कप्प्यात धरला, पण पेट्या अजून धक्क्यावरच उभ्या आहेत. विक्रेत्यांकडून परत आलेला माल तर अनेक गोदामांत एका कोपऱ्यात दिवसेंदिवस पडून असतो. कधी त्याची नोंद झालेली असते, कधी नसते.

यावर तीन मार्ग आहेत आणि मी ते एकत्र वापरेन. पहिला म्हणजे शांत वेळ. मोजणाऱ्याची पाळी ६ ते २ ठेवायची. ६ ते ८ या दोन तासांत कुणी माल उचलत नाही, त्यात ३० कप्पे होतात. जास्तीत जास्त हलणारे ‘अ’ आणि ‘ब’ भाग तेव्हाच उरकायचे. पण याला एक अट आहे: आदल्या रात्रीच्या सगळ्या उचलींची नोंद झालेली हवी आणि धक्का रिकामा हवा. रात्रीच्या पर्यवेक्षकाने घरी जाण्यापूर्वी ‘अपुऱ्या नोंदी’ची यादी शून्यावर आणली नसेल, तर सकाळची शांतता दिखाऊ ठरते.

दुसरा मार्ग कुलपाचा. ८ नंतर मोजायचे उरलेले ४४ कप्पे, ज्यात मुख्यतः फेरीतले कमी हलणारे कप्पे असतात, मोजणारा समोर उभा राहून स्कॅनरने कप्पा बंद करतो, मोजतो आणि उघडतो. बंद असलेल्या कप्प्यातून उचल करायला संगणक कुणाला पाठवत नाही. चार-पाच मिनिटांचं काम असतं, ऑर्डर अडत नाही. पूर्ण रॅक किंवा पूर्ण ओळ बंद करण्याचा मोह टाळावा. माल उचलणारी माणसं मग घाईत कुलूप वळसा घालून टाळायला शिकतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.

तिसरा मार्ग वेळेच्या नोंदीचा, ज्यांच्याकडे कुलपाची सोय नाही त्यांच्यासाठी. मोजणीच्या कागदावर प्रत्येक कप्प्यासमोर तास आणि मिनिट लिहायचं. फरक दिसला, की आकडा बदलण्याआधी त्या वेळी अपुरे असलेले व्यवहार बघायचे. संगणकातल्या शिलकीतून उचललेले पण न नोंदवलेले नग वजा करायचे, नोंदवलेले पण अजून कप्प्यात न पोचलेले नगही वजा करायचे. आपल्या उदाहरणात २४० वजा २४, म्हणजे २१६. फरक नाही, काही बदलायचं नाही.

मोजणी डोळे झाकून करावी, हा नियमही इथेच बसतो. मोजणाऱ्याच्या कागदावर भागाचं नाव आणि कप्पा असावा, संगणकातला आकडा नसावा. आकडा दिसला, की माणूस नकळत तोच शोधतो: २३८ मोजून झाले की आणखी दोन कुठेतरी असतील असं त्याला वाटतं आणि तो २४० लिहून मोकळा होतो. ज्या ओळीत तो स्वतः माल उचलतो ती त्याने मोजू नये, आणि मोजणाऱ्याच्या हातात आकडा बदलण्याचा अधिकार नसावा.

फरक खरा ठरला, की माग सुरू होतो. आधी दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं. पुष्कळ फरक इथेच विरघळतात. मग शेजारचे कप्पे, वरचा-खालचा कप्पा आणि त्याच भागाच्या इतर जागा बघायच्या. तरी फरक राहिला, तर मागच्या मोजणीपासून आजपर्यंतचे त्या भागाचे व्यवहार समोर घ्यायचे. वारंवार मोजण्याचा फायदा इथे दिसतो: वर्षभराच्या नव्हे, फक्त दोन महिन्यांच्या नोंदी बघायच्या असतात.

आणि फरकाचा आकडा स्वतःच बरंच सांगतो. समजा, डिझेल फिल्टरच्या एका पेटीत १२ नग येतात. संगणक १३१ म्हणतो, मोजणीत १२० निघाले. फरक ११. अनुभवी स्टोअरकीपर ११ बघताच ओळखतो, की हे १२ वजा १ आहे. कुणीतरी ‘१’ची ऑर्डर आली तेव्हा एक नग न देता एक पेटी दिली आहे. मग मागच्या दोन महिन्यांतल्या फक्त १ नगाच्या उचली चाळायच्या. त्यातला एखादा विक्रेता सापडतो ज्याच्याकडे ११ फिल्टर जास्त गेले आहेत. माल परत मिळतो किंवा बिल दिलं जातं. पण खरी दुरुस्ती पुढे आहे. उचलीच्या कागदावर ‘नग’ आणि ‘पेटी’ वेगळे छापायचे आणि कप्प्यावर ‘१ पेटी = १२ नग’ अशी पट्टी लावायची. नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा ११ निघतील.

फरक ९ ने पूर्ण भागला जात असेल, तर टाइप करताना दोन अंकांची अदलाबदल झाल्याची शंका घ्यावी. ६३ च्या जागी ३६ लिहिले, तर फरक २७ येतो. जुन्या मुनीमांना ही खूण पाठ असते. एका भागात ६ कमी आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या भागात ६ जास्त असतील, तर ते एकमेकांच्या जागी दिले गेले आहेत. डावा-उजवा आरसा आणि एकाच मापाचे पण वेगळ्या ओठाचे सील यांत हे हमखास होतं. उपाय साधा आहे: असे जुळे भाग शेजारी ठेवू नयेत. फरक एखाद्या व्यवहाराच्या संख्येइतकाच असेल, तर तो व्यवहार नोंदवायचा राहिला किंवा दोनदा नोंदवला गेला. ज्या फरकांना असा कोणताच आकार नसतो, जे थोडे थोडे पण नेहमी एकाच दिशेने आणि बाजारात सहज विकल्या जाणाऱ्या भागांतच दिसतात, तिथे मात्र चोरीचा विचार करावा लागतो. तो शेवटी करावा. सुरुवातीलाच चोरीचा संशय घेतला, की हमाल आणि उचलणारी माणसं बोलायची बंद होतात, आणि बाकीच्या सगळ्या चुकांची माहिती त्यांच्याकडेच असते.

प्रत्येक फरकापुढे कारण लिहायचं. कारणांची यादी सात-आठांच्या वर नको; तीस पर्याय दिले, की माणूस पहिलाच निवडतो. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आवक, उचल आणि पॅकिंगची माणसं एकत्र बसवून सगळ्यात मोठ्या एकाच कारणावर बोलायचं.

आता एक अडचण येते. अशा गोदामात सुरुवातीला दर तीन नोंदींमागे एक चुकीची असली तर नवल नाही. रोज २२ भाग आणि ३० कप्पे मोजले, तर सतरा-अठरा फरक निघतील. माग काढायची ताकद पाच-सहांची आहे. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण कार्यक्रम सुरू करू नये. आधी सहा आठवडे फक्त ६० भागांचा एक ठरलेला गट घ्यावा. तो मुद्दाम मिश्र असावा: महाग, स्वस्त, सुट्टे नट-बोल्ट, पेटीबंद, वरच्या रांगेतले, खालच्या रांगेतले. रोज १२ भाग, म्हणजे दर पाच दिवसांनी प्रत्येक भाग पुन्हा मोजला जातो. पहिल्या मोजणीला सगळे आकडे बरोबर करून घ्यायचे. त्यानंतर जो फरक येईल तो जास्तीत जास्त पाच दिवसांचा असतो. व्यवहार दहा-वीसच असतात, आणि ज्याने माल उचलला त्याला तो प्रसंग अजून आठवत असतो. गोदामातल्या मोठ्या चुका या साठ भागांत दिसून येतात. त्या दुरुस्त केल्या, की पूर्ण कार्यक्रम सुरू करताना निदान नवे फरक तरी त्याच वेगाने पडत नसतात. जुने राहिलेले फरक पहिल्या वर्षात हळूहळू निस्तरतात.

कार्यक्रम बरा चालला आहे का, हे कळायला कोणता आकडा बघावा? व्यवस्थापनाला रुपयांतला निव्वळ फरक आवडतो आणि तोच सगळ्यात फसवा आहे. एका भागात १८,००० रुपयांचा वाढावा आणि दुसऱ्यात १७,५०० रुपयांची तूट असेल, तर निव्वळ फरक ५०० रुपये. अहवालात गोदाम जवळपास निर्दोष दिसतं, प्रत्यक्षात दोन ग्राहकांना चुकीचं उत्तर मिळणार असतं. त्यापेक्षा मोजलेल्या भागांपैकी किती बरोबर निघाले, एवढंच मोजावं. २२ पैकी २० म्हणजे ९१ टक्के. जास्त असणं आणि कमी असणं, दोन्ही चूकच धरायचं.

‘बरोबर’ म्हणजे किती, हेही आधी ठरवावं लागतं. या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत ‘अ’साठी ०.२ टक्के, ‘ब’साठी १ आणि ‘क’साठी ५ टक्के सूट दिलेली आढळते. २०० नगांवर ०.२ टक्के म्हणजे अर्धा नगही होत नाही, म्हणजे ‘अ’ला सूट नाहीच. सुट्या भागांच्या गोदामात ‘ब’लाही देऊ नये असं माझं मत आहे, एक गिअर कमी म्हणजे एक गिअर कमी. काट्यावर तोलून मोजले जाणारे नट, वॉशर आणि क्लिप यांना तेवढी सूट द्यावी. सूट म्हणजे फरक दिसला तरी माग काढायचा नाही, एवढाच तिचा अर्थ.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. बंद खोक्यात कंपनीनेच चुकीचा भाग भरला असेल, तर मोजणीला ते कळत नाही. रबराची सील आणि होस वर्षानुवर्षं पडून कडक झाली, तरी नग पूर्णच भरतात. माल देणारा आणि नोंद करणारा संगनमताने काम करत असतील, तर आकडे नेहमीच जुळतील. फेरीच्या वेळी रोज दोन-तीन जुनी खोकी फोडून बघितली, तर पहिल्या दोन गोष्टी थोड्या तरी हाती लागतात. तिसरीसाठी ग्राहकांच्या खात्यांशी पडताळा करावा लागतो.

राहिला ३१ मार्च. कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालासाठी केंद्र सरकारने काढलेल्या २०२० च्या आदेशात मालाची प्रत्यक्ष पडताळणी ‘वाजवी अंतराने’ झाली का आणि तिची व्याप्ती व पद्धत योग्य होती का, हे लेखापरीक्षकाला सांगावं लागतं. मालाच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा जास्त तफावत आढळली, तर ती हिशेबात नीट घेतली का, तेही लिहावं लागतं. एकाच दिवशी सगळा माल मोजलाच पाहिजे, असं त्यात म्हटलेलं नाही. म्हणजे रोजची मोजणी चालू शकते, पण ती कागदावर दाखवता आली पाहिजे. कोणता भाग कधी मोजला, कुणी मोजला, फरक किती, कारण काय, मंजुरी कुणाची, हे सगळं जपून ठेवावं लागतं. त्यात जीएसटीचीही बाजू आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर आधी घेतलेलं कराचं क्रेडिट मिळत नाही. म्हणून वरच्या उदाहरणातले ते २४ ऑइल फिल्टर घाईने ‘तूट’ म्हणून लिहिले असते, तर जागेवरच असलेल्या मालाच्या कराचं क्रेडिट सोडून द्यावं लागलं असतं.

पहिल्या वर्षी वार्षिक मोजणी एकदम बंद करू नये. रविवारी एकेक ओळ घेऊन ती फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावी आणि रोजच्या मोजणीने आलेल्या आकड्यांशी ताडून बघावी. लेखापरीक्षकाला डिसेंबरमध्येच बोलावून कार्यक्रम दाखवावा, म्हणजे काय कमी आहे ते सांगायला त्याच्याकडे वेळ असतो. तो बहुधा दोन्ही बाजूंनी तपासेल: संगणकातले काही भाग निवडून रॅकवर जाईल, आणि रॅकवरची काही खोकी निवडून संगणकाकडे येईल. पहिल्या तपासणीत नोंदवलेला माल खरंच आहे का ते कळतं, दुसरीत असलेला माल नोंदवला आहे का ते. मोजणी ३१ मार्चला झालेली नसेल, तर मधल्या दिवसांतली आवक-जावकही तो बघेल, म्हणून मार्चमधली चलनं आणि आवक नोंदी वेगळ्या फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवाव्यात. दोन्ही तपासण्यांत माल जुळला, तर पुढच्या मार्चमध्ये गोदाम बंद ठेवायचं का, याची चर्चा हिशेब विभागाशी आकडे समोर ठेवून करता येते.